गल्ल्यात तीनशे जास्त

माझ्या मायच्या दुकानाला नाव नाही. दारावर जी पाटी आहे ती एका चहापत्तीवाल्या कंपनीने फुकट लावून दिलेली, आणि तिच्यावर चहाचं नाव मोठं, खाली मालकाच्या नावाची जागा कोरी. अमळनेरहून पारोळ्याच्या अंगाला निघालं की बोरी नदीच्या आसपास जी गावं लागतात, त्यातलं एक आमचं. गावात 'मायचं दुकान' म्हटलं की लहान पोरही बोट दाखवतं. साखर, गूळ, शेंगदाणे, चहा, मिरची, काळा मसाला, आणि शेवभाजीची ती जाड तिखट शेव, जी बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत संपते. शेंगदाणे अजूनही एका जुन्या पत्र्याच्या डब्यात असतात. हा डबा वनस्पती तुपाचा आहे. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. डब्यावरचं चित्र केव्हाच पुसलं, पण झाकण अजून घट्ट बसतं, म्हणून माय तो टाकत नाही.

दुकान आता मायबरोबर माझा भाऊ बघतो. मी जळगावला एका पतसंस्थेत रोखपाल आहे. म्हणजे पैसे मोजणं हाच माझा धंदा. तरी सांगते, मोजण्यातली मूळ गोष्ट मी नोकरीत शिकले नाही, ती या दुकानात आधीच चालू होती. फक्त ती दुसऱ्या कुणाला शिकवताना कशी दिसते हे मी मागच्या दिवाळीत पाहिलं. भावाची मुलगी सातवीत आहे. घरात सगळे तिला छोटी म्हणतात. सुटी लागल्यावर मायने तिला गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसवलं आणि हातात पेन दिलं.

मायच्या तीन वह्या. पहिली कच्ची वही, गिऱ्हाईक समोर असतानाच लिहायची. मालाचं नाव नाही लिहिलं तरी चालतं, रक्कम लिहायचीच. पैसे रोख आले तर नुसता आकडा, फोनवर आले तर आकड्याला गोल, उधार नेलं तर आकड्यापुढे गिऱ्हाइकाचं नाव. दुसरी उधारीची वही, तिच्यात प्रत्येक घराला एकेक पान. तिसरी रोजमेळ. ही वही दिवसातून एकदाच उघडते, रात्री शटर अर्धं ओढल्यावर. डावीकडे आलेलं ते जमा, उजवीकडे गेलेलं ते नावे, आणि शेवटी शिल्लक.

छोटीला पहिल्या दोन वह्या लगेच पटल्या. तिसरी पटेना. तिचं म्हणणं असं की गल्ला मोजला की झालं. सकाळी पंधराशे होते, रात्री सात हजार आहेत, तर साडेपाच हजारांचा धंदा झाला. यात लिहायचं काय?

तिचं म्हणणं चुकीचं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर अर्धी खेड्यातली दुकानं अशीच चालतात. रात्रीच्या गल्ल्यातून सकाळचा गल्ला वजा करायचा आणि जे उरेल त्याला विक्री म्हणायचं. पण या रीतीत एक खोट आहे. विक्रीचा आकडा गल्ल्यातूनच काढला, तर गल्ला कधी चुकूच शकत नाही. गल्ल्यातून पाचशे गेले तर हिशोब म्हणेल, आज धंदा पाचशेने कमी झाला. शंभर जास्त आले तर म्हणेल, आज बरा झाला. गल्ला स्वतःच स्वतःची साक्ष देतो. चूक दिसायची असेल तर एकाच आकड्यापर्यंत दोन वेगळ्या वाटांनी जावं लागतं. एक वाट कच्च्या वहीतली, गिऱ्हाइकागणिक लिहिलेली. दुसरी गल्ल्यातल्या नोटांची. दोन्ही वाटा रात्री एका ठिकाणी भेटल्या तर मेळ बसला. नाही भेटल्या तर मधे कुठेतरी काहीतरी घडलंय.

हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने मान हलवली. मुलं हलवतात तशी. खरं कळलं ते गुरुवारी.

गुरुवार आमच्याकडे बाजाराचा दिवस. त्यातून कापूस वेचणीचे दिवस. वेचणीला जाणाऱ्या बायांच्या हातात आठवड्याची मजुरी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी पडते, आणि दुपारी चारनंतर दुकानासमोर ही गर्दी. कुणी तेल मागतंय, कुणी पाव किलो साखर, कुणी मागची उधारी देतंय आणि लगेच नवी मांडतंय. भाऊ तेल मोजत होता, दुकानातला पोऱ्या मागून माल आणून देत होता, छोटी लिहीत होती, आणि माय नेहमीसारखी एकाच वेळी तोल, पैसे आणि गप्पा सांभाळत होती.

रात्री मेळ घालायला छोटी आणि मी बसलो. कच्च्या वहीची बेरीज आली ८७३५. त्यातले १४६० उधारीवर गेलेले, २३१० फोनवर आलेले. म्हणजे रोख विक्री ४९६५. सकाळी गल्ल्यात सुट्ट्यासाठी ठेवलेले १५००. जुन्या उधारीपैकी रोख वसूल झालेले, वहीत लिहिलेले, १२००. हे सगळं डावीकडे. उजवीकडे गल्ल्यातून बाहेर गेलेलं: खारी-टोस्टवाल्याला ४८०, भाजीला ८५, हमालाला ६०, मिळून ६२५. डावीकडच्या बेरजेतून उजवी वजा केली की गल्ल्यात असायला हवेत ७०४०.

मग छोटीने नोटा लावल्या. पाचशेच्या सात, दोनशेच्या चार, शंभरच्या एकोणीस, पन्नासच्या नऊ, वीसच्या तेरा, दहाच्या सत्तावीस, आणि चिल्लर १६०. बेरीज ७३४०.

"आजी! तीनशे जास्त आले!" पोरगी इतकी खूश की तिने तीन नोटा वेगळ्या काढून वर धरल्या.

माय खुर्चीतून उठली नाही. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हाई पैसा कोना शेतस?"

छोटीला प्रश्नच कळला नाही. गल्ल्यात आहेत म्हणजे आपलेच ना. कमी आले असते तर नुकसान, जास्त आले तर फायदा. मोठी माणसंही असंच समजतात. माझ्याबरोबर लागलेल्या एका मुलाचाही सुरुवातीला हाच समज होता. बँक असो की पतसंस्था, दिवसअखेर रोख जास्त निघाली तर ती रोखपालाची होत नाही आणि नफ्यातही जात नाही. ती एका वेगळ्या खात्यावर जमा करून ठेवतात, कारण ती कुणाची तरी आहे आणि तो माणूस उद्या येणार आहे. रोख कमी आली तर निदान आपलं गेलंय हे माहीत असतं. जास्त आली तर कुणाचं तरी आपल्याकडे अडकलंय, आणि कुणाचं ते माहीत नाही.

मायने हे शब्द कधी ऐकले नाहीत. ती एवढंच म्हणाली, "दुकान बंद करू नका. आधी शोधा."

शोधायचीही एक रीत असते. आधी बेरीज पुन्हा केली, कारण निम्म्या चुका तिथेच असतात. बेरीज बरोबर होती. मग मी छोटीला रोखपालांची एक जुनी युक्ती दाखवली. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर आकडे उलटे लिहिले गेल्याचा संशय घ्यायचा. ६३ चे ३६ लिहिले तर फरक २७ येतो, ५४० चे ४५० लिहिले तर ९०, दोन्ही नवाच्या पाढ्यातले. तीनशेला नऊने भाग जात नाही, तेव्हा ती शंका गेली. दुसरी युक्ती, फरकाची निम्मी रक्कम वहीत शोधायची. दीडशे रुपये जमेला लिहायचे ते चुकून नावे लिहिले गेले, तर फरक बरोबर दुप्पट, म्हणजे तीनशेच पडतो. उजवीकडे दीडशेची नोंद नव्हती. तीही गेली.

उरल्या तीन वाटा. फोनवर आले म्हणून गोल काढला, पण पैसे प्रत्यक्षात रोख दिले होते, ही एक. म्हणून फोनमधली दिवसभराची जमा बघितली. २३१०, वहीशी तंतोतंत. दुसरी, विक्री झाली आणि लिहायची राहिली. तिसरी, कुणी उधारीपोटी पैसे दिले आणि लिहायचे राहिले.

इथे मायने जे सांगितलं ते मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. म्हणाली, विकलेल्या मालाचे पैसे असे गोल येतात का? साखर, चहा, तेल, मिरची घेतली तर एकशे सत्तेचाळीस होतील, दोनशे त्रेसष्ट होतील. नेमके तीनशे कुणाचे होतात? जो हातातल्या मजुरीतून उधारी फेडतो त्याचे. शंभर देतो, दोनशे देतो, पाचशे देतो. गोल पैसा म्हणजे उधारीचा पैसा.

मग छोटीने ते पाहिलं. शंभरच्या एकोणीस नोटांमधल्या तीन नोटांना चारपदरी घड्यांच्या रेषा होत्या, इतक्या बारीक की नोट सपाट राहतच नव्हती. खिशात ठेवलेल्या नोटेला अशी घडी पडत नाही. पदराच्या गाठीत किंवा कमरेच्या लहानशा बटव्यात ठेवलेल्या नोटेला पडते. म्हणजे बाई, वेचणीची, चारच्या गर्दीतली. छोटीलाही आता आठवलं की एका बाईने आजीच्या हातात काहीतरी ठेवलं, 'मांडी ले' म्हणाली, आणि त्याच क्षणी मागून कुणीतरी तेलाची किटली पुढे केली. बाई कोण, ते मायला आठवलं. नदीपलीकडच्या वस्तीवरची. उधारीच्या वहीत तिच्या पानावर ८२० रुपये होते, आणि गुरुवारची एकही जमा नव्हती.

माझं मत होतं की लगेच तिच्या पानावर तीनशे जमा करून टाकावेत. मायने करू दिलं नाही. पुरावा म्हणजे तीन चुरगळलेल्या नोटा आणि एका दमलेल्या म्हातारीची आठवण. चुकून भलत्याच बाईच्या पानावर जमा झाले, तर एक चूक झाकायला दुसरी झाली. त्या रात्री रोजमेळात डावीकडे तिने छोटीला एवढंच लिहायला लावलं: 'वाढ ३००, नाव यायचं आहे'. शिल्लक ७३४०. मेळ बसला, पण उघडा ठेवून.

सकाळी ती बाई वेचणीला जाताना रस्त्यातच भेटली. मायचा प्रश्न मी नीट ऐकला. तिने 'तू काल तीनशे दिलेस का' असं विचारलं नाही. विचारलं, "काल कितला दिन्हात वं?" रक्कम तिच्याच तोंडून यायला हवी. आपण आकडा सांगितला की समोरचा कधी भिडेपोटी, कधी लोभापोटी हो म्हणतो, आणि मग काहीच सिद्ध होत नाही.

"तीनशे. तुन्हाच हातमा दिन्हात ना, माय."

८२० चे ५२० झाले. रोजमेळातल्या ओळीपुढे नाव आलं. दोन मिनिटांचं काम.

आता हेच महिन्याने मोजलं असतं तर काय झालं असतं, हे छोटी स्वतःच बोलत बसली. बाई महिन्याने येणार, पाचशे वीस समजून. वहीत आठशे वीस. तिच्याकडे पावती नाही. काही घरं स्वतःची छोटी डायरी आणतात आणि दोन्हीकडे एकाच वेळी लिहून घेतात, ती गोष्ट वेगळी. पण वेचणीला जाणाऱ्या बाईकडे कुठली डायरी? तिचा शब्द आणि आमची वही, आणि वहीचा आकडा तिला वाचताही येत नाही. ती भांडली असती किंवा गप्प पैसे देऊन पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात गेली असती. महिन्याभरानंतर मायला त्या तीन नोटा आठवल्या नसत्या, आणि नोटाही कुठल्या कुठे गेल्या असत्या. फरक दुरुस्त करता येतो तो त्याची आठवण शिल्लक असेपर्यंत. दुकानात ही आठवण रात्रभर टिकते. फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत.

शनिवारी छोटीने नवाच प्रश्न काढला. ठीक आहे, महिना खूप झाला. पण आठवड्याने मोजलं तर? रविवारी एकदा. रोज रात्री अर्धा तास कशाला घालवायचा?

मी तिला त्याच आठवड्याचे फरक एका ओळीत मांडायला सांगितले, ज्या रात्री जसे निघाले तसे. सोमवारी १२० कमी. मंगळवारी २० जास्त. बुधवारी मेळ बरोबर. गुरुवारी ३०० जास्त. शुक्रवारी १८० कमी. आता बेरीज कर. तिने केली. वीस रुपये जास्त.

ती बराच वेळ त्या विसाकडे बघत होती. आठवड्याने मोजलं असतं तर गल्ल्यात फक्त वीस रुपये वर निघाले असते, आणि हजारो रुपयांच्या उलाढालीत विसाला कोण विचारतं? सगळे म्हणाले असते, वा, काय चोख हिशोब आहे. आणि त्या विसाच्या पोटात चार वेगवेगळ्या चुका बसलेल्या. जास्तीने कमीला गिळलं. मोजायला जितके दिवस घ्याल तितक्या चुका एकमेकींना मिटवतात आणि हिशोब तितका सभ्य दिसतो. माझ्या कामात मी याला सर्वांत जास्त घाबरते. मोठा फरक आरडाओरडा करतो. दोन मोठे फरक एकमेकांना भेटले की सगळं शांत.

सोमवारचे १२० माझ्या भावानेच घेतले होते, दूधवाल्याला द्यायला. घरचं दूध, दुकानाचा गल्ला. शुक्रवारचे १८० बिस्किटवाल्याला दिलेले, लिहायचे राहिले. खेड्यातल्या दुकानात गल्ल्यातला सर्वांत मोठा गळका भाग हाच, घरच्यांचा हात. चोर रोज येत नाही, घरातला माणूस रोज येतो. कधी पेट्रोलला, कधी पोरांच्या खाऊला, कधी कुणाच्या लग्नाच्या आहेराला. आणि आपल्याच पैशाला काय लिहायचं म्हणून कुणी लिहीत नाही. वर्षाअखेर दुकान चाललं नाही म्हणायचं, जेव्हा दुकान चांगलं चाललेलं असतं आणि घराने ते खाल्लेलं असतं. मायची हरकत घेण्याला कधीच नव्हती. भाऊ गल्ल्यापाशी दिसला की ती एवढंच म्हणते, "लई जाय, पन लिखी जाय."

मंगळवारच्या विसाचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. कुणाला तरी सुट्टे कमी दिले गेले असतील. ते वीस रुपये मायने एका प्लास्टिकच्या बरणीत टाकले. या बरणीतला पैसा ती खर्चत नाही. कुणी दोन दिवसांनी येऊन म्हणालं की माय, परवा मला वीस कमी दिलेस, तर त्यातून देते.

हे सगळं रोखीचं. मालाचं मोजणं वेगळं, आणि ते रोज सगळ्याचं करता येत नाही. दुकानात शेकडो वस्तू. माय फक्त सुट्टा जाणारा माल मोजते, तोही एक कट्टा फोडला की तो संपेपर्यंत. त्या आठवड्यात साखरेचा कट्टा होता. पन्नास किलोचा. पाव-पाव किलोच्या पुड्या बांधल्या तर दोनशे व्हायला हव्यात. छोटीने पोऱ्याबरोबर बसून त्या मोजून ठेवल्या होत्या, आणि कट्टा झटकून रिकामा केल्यावर आकडा थांबला १९४ वर. सहा पुड्या कमी. दीड किलो साखर.

भावाने लगेच पोऱ्याकडे बघितलं. बोलला काही नाही, बघितलं फक्त. दुकानात काही कमी आलं की सगळ्यांचे डोळे कुठे जातात हे मी लहानपणापासून बघतेय. मालकाच्या पोराकडे जात नाहीत.

पण हा कट्टा नुकताच संपला होता आणि पुड्यांची रास अजून फळीवर होती, म्हणून उत्तर फळीवरच मिळालं. मी छोटीला म्हटलं, त्यातल्या कुठल्याही दहा पुड्या उचल, साखर एका पातेल्यात ओत, कागद बाजूला ठेव, आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर पातेल्याचं वजन आधी शून्य करून तोल. यायला हवं होतं अडीच किलो. आलं २ किलो ५७५ ग्रॅम. म्हणजे पुडीमागे सात-आठ ग्रॅम जास्त. चहाचे दीड चमचे. पन्नास किलोला २५७ ने भागा, पुड्या १९४ च होतात. साखर चोरीला गेली नव्हती. ती १९४ घरांमध्ये वाटली गेली होती.

कारण मायचा तराजू. गिऱ्हाइकासमोर इलेक्ट्रॉनिक काटा असतो, पण पुड्या ती मागे बसून जुन्या दांडीच्या तराजूवर बांधते. काटा मधोमध येऊन थांबला तरी तिच्या हाताला चैन पडत नाही. आणखी एक चिमूट टाकते, पारडं खाली टेकेपर्यंत.

छोटीने हिशोब मांडला. कट्टा घेतला किलोमागे ४२ रुपयांनी, २१०० ला. पुडी विकली ११ रुपयांना. दोनशे पुड्यांचे २२०० आले असते, नफा शंभर. १९४ पुड्यांचे आले २१३४. नफा चौतीस. शंभरातले सहासष्ट त्या चिमटीत गेले. भाऊ म्हणाला, उद्यापासून पुड्याही इलेक्ट्रॉनिकवरच बांधायच्या. छोटीचंही तेच म्हणणं पडलं.

मायने ऐकून घेतलं. मग म्हणाली, साखरेत मी झुकतं देते ते मला माहीत आहे. पाव किलोची पुडी कोण नेतं? ज्याला एक किलो परवडत नाही तो. शेंगदाण्यात, खोबऱ्यात, काळ्या मसाल्यात बरोबर काट्यावर तोलते, तिथे झुकतं दिलं तर दुकानच झुकेल. पण सहासष्ट जातात हे माहीत नव्हतं. मला वाटायचं वीस-पंचवीस जात असतील.

पुढे तिने अर्धी चिमूट कमी केली की नाही, ते मी विचारलं नाही. भाऊ म्हणतो केली. छोटी म्हणते नाही. त्या रात्री मात्र तिने छोटीकडून रोजमेळाच्या मागच्या पानांवर एक नवं घर आखून घेतलं, वर लिहायला लावलं 'घट', आणि खाली पहिली ओळ: साखर, १ कट्टा, ६ पुड्या, ६६ रुपये. त्यापुढे कारण लिहायची जागा होती. छोटीने विचारलं काय लिहू. माय म्हणाली, मायचा हात.

पोऱ्याने ती ओळ वाचली. त्याला वाचता येतं.

मी जळगावला परतले त्यानंतर छोटीचे फोन सुरू झाले. फुई, गुळाची ढेप आणली तेव्हा तोलली होती, आता तुकडे विकून झाले, लिहिलेली विक्री आणि राहिलेला गूळ मिळून शंभर ग्रॅम कमी येतोय. मी म्हटलं, फोडताना चुरा किती पडला तो तोललास का, तो कागदाला आणि फळीला चिकटून जातो. तिने दुसऱ्या दिवशी चुरा गोळा करून तोलला, साठ ग्रॅम निघाला. राहिलेल्या चाळिसाचं काय? मी म्हटलं, मिरची आणि गूळ वाळला की हलका होतो, उन्हाळ्यात तर फार. तर म्हणाली, मग घटीच्या घरात कारणाचे रकाने दोन करावे लागतील, एक हाताचं आणि एक हवेचं. आजी म्हणते, तिसराही कर, उंदराचा.